व्हिसाची अपॉइंटमेंट आहे, पण नेमकी कुठे? केंद्राचा पत्ता आधीच पक्का कसा करायचा

अपॉइंटमेंट लेटर हातात आलं की आपली नजर आधी तारखेवर जाते, मग वेळेवर. पत्ता आपण वाचतो, पण अर्धवट. वर ठळक अक्षरात दूतावासाचं नाव असतं, ते वाचून डोक्यात चित्र तयार होतं: उंच भिंत, झेंडा, गेटवर पहारा. मग खालची चार ओळींची बारीक अक्षरं वाचायची गरजच वाटत नाही. घोळ होतो तो त्या चार ओळींतच.

मी स्वतः एकदा सकाळी सव्वानऊला अशा झेंड्याच्या गेटवर उभा होतो. सुरक्षारक्षकानं माझा कागद हातातही घेतला नाही. लांबूनच बघून म्हणाला, "हे इथलं नाही, साहेब. सेंटरला जा." त्याच्या खिशात छापील पत्त्यांची चिठ्ठी होती, त्यातली एक त्यानं मला दिली. म्हणजे रोज कितीतरी लोक तिथे चुकून येत असणार. माझी वेळ साडेनऊची होती आणि सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेव्हापासून घरातल्या कुणाचीही अपॉइंटमेंट असली की पत्ता तपासायचं काम माझ्याकडे येतं. मी ते कसं करतो ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे बघा की तुम्हाला बोलावलंय कशासाठी

बऱ्याच देशांनी अर्ज घेण्याचं काम खासगी कंपन्यांना दिलेलं आहे. व्हीएफएस ग्लोबल, टीएलएसकॉन्टॅक्ट, बीएलएस इंटरनॅशनल ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. या कंपन्या स्वतःच्या केंद्रांत कागद घेतात, फी घेतात, बोटांचे ठसे आणि फोटो घेतात आणि सगळं दूतावासाकडे पाठवतात. व्हिसा द्यायचा की नाही, हे त्या ठरवत नाहीत. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरू देणाऱ्या युरोपीय देशांसाठी तर हे युरोपीय संघाच्या 2009 च्या व्हिसा संहितेतच लिहिलं आहे: अर्जाची छाननी, गरज पडल्यास मुलाखत आणि निर्णय ही कामं कंपनीकडे द्यायची नाहीत.

या एका नियमातून पत्त्याचा अर्धा गोंधळ सुटतो. कागद आणि ठसे द्यायचे असतील तर बहुतेक वेळा तुम्ही केंद्रात जाणार. पुढे मुलाखतीला बोलावलं तर मात्र तुम्ही खऱ्याखुऱ्या दूतावासात किंवा वकिलातीत जाणार. म्हणजे एकाच अर्जासाठी दोन पत्ते लागू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात, फक्त वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या खेपेचा पत्ता फोनमध्ये जपून ठेवून दुसऱ्या खेपेला तिथेच जाणारे लोक मी पाहिले आहेत.

अमेरिकेच्या व्हिसाबाबत हे आणखी ठळकपणे दिसतं. काही देशांत ठसे आणि फोटो एका वेगळ्या केंद्रात घेतात आणि मुलाखत वेगळ्या दिवशी वकिलातीत होते. मेक्सिकोत हीच पद्धत आहे: आधी अर्जदार सेवा केंद्र, मग वकिलात. इतर काही देशांत दोन्ही कामं दूतावासातच उरकतात. त्यामुळे ज्यानं दुसऱ्या देशातून अर्ज केला होता त्या मित्राचा अनुभव इथे कामाचा नाही. त्यानं सांगितलेलं त्याच्यापुरतं खरंच असतं, पण तुमच्या लेटरवर दोन तारखा असतील तर पत्तेही दोन असू शकतात, हे धरून चाला.

आणखी एक प्रकार म्हणजे फक्त ठसे घेणारी जागा. कॅनडाचा व्हिसा अमेरिकेत राहून काढणाऱ्यांना ठसे देण्यासाठी अमेरिकी सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या सहाय्य केंद्रात जाता येतं. तिथे कॅनडाचा झेंडा नसतो आणि कागदपत्रंही घेत नाहीत, फक्त बोटं आणि चेहरा. अशा ठिकाणी पोहोचलेला माणूस "मी चुकीच्या जागी आलो" असं समजून परत फिरू शकतो. म्हणून पहिला प्रश्न हा: लेटरवर कामाचं नाव काय आहे? अर्ज सादर करणं, ठसे देणं, मुलाखत की पासपोर्ट घेणं? ते नाव पेन्सिलीनं गोल करून ठेवा. पुढची सगळी तपासणी त्या कामापुरतीच करायची आहे.

मानद वकिलात नावाचा प्रकारही असतो. पाटी असते, झेंडाही असतो, पण ती बहुधा एखाद्या उद्योजकाच्या किंवा वकिलाच्या ऑफिसात चालते आणि बहुतेक ठिकाणी व्हिसाचे अर्ज घेत नाही. नकाशावर ती जवळ दिसली म्हणून खूश होऊ नका.

सरकारी साइटपासून सुरुवात करून खाली उतरा

लोक सहसा उलटं करतात. सर्च इंजिनवर कंपनीचं किंवा देशाचं नाव टाकतात, वरचा पहिला निकाल उघडतात आणि तिथला पत्ता घेतात. पहिला निकाल बऱ्याचदा जाहिरात असतो आणि जाहिरात देणारा एखादा एजंट असतो. तो पत्ता एजंटच्या ऑफिसचा निघतो.

मी नेहमी वरून खाली येतो. आधी ज्या देशाचा व्हिसा हवा आहे त्याच्या सरकारची साइट. ब्रिटनची `gov.uk` असते. तिथे व्हिसा केंद्र शोधण्यासाठी स्वतंत्र पान आहे, `www.gov.uk/find-a-visa-application-centre`. अमेरिकेच्या सगळ्या दूतावासांची यादी `usembassy.gov` वर मिळते. फ्रान्सची अधिकृत व्हिसा साइट `france-visas.gouv.fr` आहे. कॅनडाची माहिती `canada.ca` वर आहे. या पानांवर तुम्ही ज्या देशातून अर्ज करत आहात तो देश निवडायचा. तिथे एक तर केंद्राचा पत्ता मिळतो किंवा ज्या कंपनीकडे काम दिलं आहे तिच्या साइटची लिंक मिळते. त्या लिंकवर तिथूनच क्लिक करायचं. कंपनीचं नाव लक्षात ठेवून नव्या टॅबमध्ये सर्च करायचं नाही. सगळी साखळी टिकते ती याच एका क्लिकवर.

असं का, ते एका उदाहरणानं सांगतो. कंपनीच्या साइटवर देशाच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळं पान असतं. व्हीएफएसचे पत्ते साधारण असे दिसतात:

```
visa.vfsglobal.com/ind/en/che
```

पहिली तीन अक्षरं म्हणजे तुम्ही ज्या देशातून अर्ज करता तो देश, मधली भाषा आणि शेवटची तीन अक्षरं म्हणजे जिथे जायचं तो देश. इथले `che` म्हणजे स्वित्झर्लंड, चेक प्रजासत्ताक नव्हे. जर्मनीसाठी `deu`, नेदरलँड्ससाठी `nld`. ही अक्षरं इंग्रजी नावांवरून ओळखता येत नाहीत, म्हणूनच ती एकदा नीट वाचायची. शेवटची तीन अक्षरं चुकली तर तुम्ही दुसऱ्याच देशाचं पान बघत असता. ते पान दिसायला हुबेहूब सारखं असतं, रंगही तेच, आणि खाली दिलेला पत्ता मात्र वेगळा. पहिली तीन चुकली तर तुम्ही दुसऱ्याच देशातल्या केंद्राचे पत्ते वाचत असता.

नकली साइट ओळखायलाही ही वाचायची सवय उपयोगी पडते. वेब पत्त्यात सुरुवातीला `https://` असेल तर ते सोडून पहिली तिरकी रेघ शोधायची आणि तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. साइटचं खरं नाव तिथे असतं, डावीकडच्या सुरुवातीला नाही.

```
visa.vfsglobal.com/ind/en/che
vfsglobal.com.visa-slot.example/ind/en/che
```

पहिल्या ओळीत रेघेच्या आधी `vfsglobal.com` आहे. दुसरीत तेच नाव सुरुवातीला आहे खरं, पण रेघेला चिकटून `visa-slot.example` आहे, म्हणजे साइट भलत्याच कुणाची. ही दुसरी ओळ मी समजावण्यापुरती बनवली आहे. युक्ती मात्र नेहमीची आहे. अशा साइटवर दिलेला पत्ता चुकीचा असू शकतो हे त्यातल्या त्यात कमी नुकसान. खरं नुकसान होतं ते पासपोर्टचे स्कॅन तिथे गेले तर.

शेंगेन व्हिसा असेल तर वरून खाली उतरताना आणखी एक वळण लागू शकतं. काही शेंगेन देशांचा दूतावास प्रत्येक देशात नसतो. ते आपसात करार करतात आणि एकाचे अर्ज दुसरा घेतो. मग तुम्ही जाणार एका देशात आणि अर्ज देणार दुसऱ्या देशाच्या केंद्रात. ही गोष्ट त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या पानावर स्पष्ट लिहिलेली असते, पण लेटर बघून धक्का बसतो, कारण वर भलत्याच देशाचं नाव दिसतं. त्यामुळे लेटरवर दुसऱ्या देशाचं नाव आहे म्हणून ते चुकलंच असं लगेच समजू नका. आधी परराष्ट्र खात्याचं पान बघा.

लेटर आणि साइट शेजारी ठेवून वाचा

आता साइटवरचा पत्ता आणि लेटरवरचा पत्ता समोरासमोर ठेवायचे. मी लेटर छापून घेतो आणि साइटचं पान स्क्रीनवर उघडतो. एकदा डोळे फिरवून "सारखंच आहे" म्हणणं पुरेसं नाही. दोन पत्त्यांमध्ये इमारतीचं नाव आणि रस्ता तेच असतात आणि मजला वेगळा असतो, असं होतं. एकच कंपनी एका इमारतीत दोन देशांची केंद्रं चालवते तेव्हा हेच घडतं.

लेटरवर एकापेक्षा जास्त पत्ते असतात हेही ध्यानात ठेवा. वरच्या बाजूला दूतावासाचा पत्ता असू शकतो. अगदी तळाला बारीक अक्षरात कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता असू शकतो. कामाचा पत्ता असतो तो तारीख आणि वेळ जिथे छापली आहे त्याच चौकटीत. बाकीचे दोन मी पेन्सिलीनं सरळ खोडतो. कागद ज्याच्या हातात असेल, त्याला रिक्षात बसून वर-खाली शोधायला लागू नये.

मग एकेक घटक जुळवा: केंद्राचं पूर्ण नाव, मजला आणि विंग, इमारत, रस्ता, आणि शेवटी पिनकोड. माझा सगळ्यात जास्त विश्वास पिनकोडवर आहे. इमारतींची नावं सारखी असतात, रस्त्यांची नावं बदलतात आणि जुनीच चालू राहतात, पण पिनकोडचा एक आकडा जरी वेगळा असला तरी काहीतरी बिनसलं आहे एवढं नक्की कळतं. काय बिनसलं ते नंतर शोधता येतं.

जुळत नसेल तर दोन कारणांची शक्यता जास्त. एक, तुम्ही साइटचं चुकीचं पान बघत आहात. वर सांगितलेली तीन अक्षरं पुन्हा तपासा. दोन, तुम्ही बुकिंग केल्यानंतर केंद्र हललं आहे. दुसऱ्या कारणाकडे लोक लक्ष देत नाहीत. सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंट सहा-आठ आठवडे आधी घ्यावी लागते. लेटर त्या दिवशी छापलं गेलं, त्यावरचा पत्ता त्या दिवशीचा. मधल्या काळात कंपनी बदलली किंवा जागेचा करार संपला, तर जुन्या लेटरवरचा पत्ता आपोआप बदलत नाही. असं झालं की ईमेल येतो, पण तो जाहिरातींच्या टॅबमध्ये जाऊन पडतो. म्हणून मी बुकिंगच्या अकाउंटमध्ये पुन्हा लॉगिन करून लेटर नव्यानं डाउनलोड करतो आणि जुन्याशी ताडून बघतो. दोन मिनिटांचं काम आहे.

नकाशावर कंपनीचं नाव टाकू नका

पत्ता कागदावर बरोबर असूनही माणूस चुकीच्या ठिकाणी पोहोचतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा नकाशा असतो. मोठ्या शहरात एकाच कंपनीची दोन-तीन केंद्रं असतात, प्रत्येकात वेगवेगळे देश. नकाशात कंपनीचं नाव टाकलं की जे सगळ्यात जास्त शोधलं जातं किंवा तुमच्या जवळचं असतं ते वर येतं. ते तुमच्या देशाचं असेलच असं नाही. दूतावासाचं नाव टाकलं तर अर्थातच दूतावास येतो.

नकाशात टाकायचा तो लेटरवरचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, जसाच्या तसा. पिन कुठे पडते ते बघायचं. मग ती पिन इमारतीवर पडली आहे की नुसत्या रस्त्यावर, हे झूम करून बघायचं. रस्त्यावर पडली असेल तर नकाशाला इमारत सापडलेली नाही, फक्त रस्ता सापडला आहे. रस्ता लांब असेल तर ती पिन एखाद्या किलोमीटरनं चुकलेली असू शकते. अशा वेळी शेजारच्या ठळक खुणा शोधा: मेट्रो स्टेशन, हॉस्पिटल, मोठं दुकान.

पिनखालच्या लोकांच्या प्रतिक्रिया नवीन आधी अशा क्रमानं लावून वाचा. तिथे लोक फीबद्दल आणि रांगेबद्दल खूप राग काढतात, तो सोडून द्या. तुम्हाला हवी आहे ती एकच गोष्ट: "इथून हललं आहे", "इथे फक्त अमुक देशाचं होतं" असं अलीकडे कुणी लिहिलं आहे का. रस्त्यावरून काढलेले फोटो नकाशात दिसत असतील तर त्यांच्या कोपऱ्यातला महिना आणि वर्ष आधी बघा. तीन वर्षांपूर्वीच्या फोटोत पाटी दिसली याचा अर्थ आज ती तिथे आहे असा होत नाही.

मामा-मामींची अपॉइंटमेंट

हे सगळं एका खऱ्या प्रसंगात कसं झालं ते सांगतो. मामा आणि मामी मुलीकडे युरोपात जाणार होते. अपॉइंटमेंट गुरुवारी सव्वादहाची, बुकिंग सहा आठवडे आधी भाच्यानं, म्हणजे माझ्या मावसभावानं केलेलं. त्यानं मामांना व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशाची लिंक पाठवली होती. मामांनी ती उघडून टॅक्सीवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं.

सोमवारी संध्याकाळी मी लेटर मागितलं. पहिली गोष्ट दिसली ती ही की लिंकवरच्या जागेचा पिनकोड आणि लेटरवरचा पिनकोड जुळत नव्हता. भावाला विचारलं तर म्हणाला, "अरे, मी कंपनीचं नाव टाकलं, पहिलं आलं ते पाठवलं." ते त्याच कंपनीचं केंद्र होतं खरं, पण तिथे दुसऱ्याच देशांचे अर्ज घेत होते. लेटरवरच्या जागेपासून ते अकरा किलोमीटर लांब होतं.

मग मी त्या देशाच्या परराष्ट्र खात्याच्या साइटवरून कंपनीच्या पानावर गेलो. तिथला पत्ता लेटरशी जुळला, पिनकोडसुद्धा. पण मजला वेगळा होता: लेटरवर तिसरा, साइटवर पहिला. पानाच्या वरच्या पट्टीत एक सूचना होती, तीन आठवड्यांपूर्वीची: केंद्र त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर हलवलं आहे. भावाच्या अकाउंटमधून लेटर नव्यानं डाउनलोड केलं तर त्यावर पहिला मजला छापलेला आला. जुनं लेटर फाडून टाकलं. मामांनी ते जपून ठेवलं असतं, कारण त्यावर त्यांनी मागे कागदपत्रांची यादी लिहिली होती. ती यादी नव्या लेटरवर उतरवून घेतली.

दोन मजल्यांचा फरक फार मोठा नाही असं वाटेल. पण मामींचे गुडघे दुखतात आणि त्या इमारतीत वर जायच्या लिफ्टसाठी आधी रिसेप्शनला नाव नोंदवावं लागतं. चुकीच्या मजल्यावर पोहोचून परत खाली येणं म्हणजे वीस मिनिटं सहज गेली असती.

बुधवारी संध्याकाळी मी ऑफिसातून घरी जाताना वाट थोडी वाकडी करून तिथे जाऊन आलो. इमारतीचं मुख्य दार मोठ्या रस्त्यावर होतं, पण केंद्राकडे येणाऱ्यांना मागच्या गल्लीतल्या गेटनं जायचं होतं. तिथे दाराजवळ टेबल मांडलेला एक माणूस बसला होता, मोबाइल ठेवायची सोय देणारा. त्यानं न विचारताच सांगितलं, "आत मोबाइल नेऊ देत नाहीत, बॅग पण मोठी चालत नाही." म्हणजे नकाशा, लेटर, सगळं फोनमध्ये असून उपयोग नव्हता. घरी येऊन दोन प्रती छापल्या, एक मामांकडे, एक मामींकडे, आणि दोन्हींवर पेननं लिहिलं: मागचं गेट, पहिला मजला.

दूर राहणाऱ्यांना आदल्या दिवशी जाऊन येणं जमत नाही. मग त्या शहरात कुणी ओळखीचं असेल तर त्याला फक्त एवढं विचारा की आत जायचं गेट कुठलं आहे. पत्ता विचारू नका. पत्ता तुम्हाला कळलेला आहे, आणि तो अंदाजानं दुसराच सांगेल.

शंका उरली तर विचारायचं कसं

फोन नंबर आणि ईमेल कंपनीच्या त्याच पानावरून घ्या, जिथे तुम्ही सरकारी साइटवरून पोहोचलात. नकाशाच्या पिनखाली दिसणारा नंबर कुणीही सुचवू शकतो, त्यावर भरवसा ठेवू नका. एखाद्या नंबरवर फोन केल्यावर पलीकडचा माणूस लगेच "लवकरची तारीख करून देतो" म्हणायला लागला, तर तो केंद्राचा नंबर नाही असंच समजा आणि फोन ठेवून द्या.

ईमेलमध्ये "तुमचा पत्ता काय आहे?" असं विचारलं की ठरावीक उत्तर येतं: वेबसाइट बघा. त्याऐवजी तुमच्याकडे असलेला पूर्ण पत्ता लिहा आणि विचारा की अमुक संदर्भ क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या अपॉइंटमेंटसाठी याच पत्त्यावर यायचं आहे ना. हो किंवा नाही एवढंच उत्तर द्यायचं असलं की ते लवकर मिळतं. संदर्भ क्रमांक द्या, पासपोर्टचा स्कॅन जोडू नका, त्याची इथे गरज नाही. आणि हे शेवटच्या क्षणी न करता आठवडाभर आधी करा, कारण मधे शनिवार-रविवार आला की उत्तर सोमवारवर जातं.

दूतावासाला फोन करून केंद्राचा पत्ता विचारण्यात फारसा अर्थ नाही. बरेच दूतावास अर्जाबद्दलचे प्रश्न कंपनीकडेच वळवतात. पण दोन ठिकाणच्या माहितीत खरोखर विसंगती असेल, म्हणजे सरकारी साइटवर एक आणि कंपनीच्या साइटवर दुसरंच असेल, तर मात्र दूतावासाला लिहिणं योग्य.

आदल्या रात्री कंपनीच्या पानाच्या वरच्या पट्टीवर शेवटची नजर टाका. आंदोलन, पूर, निवडणूक, अचानक जाहीर झालेली सुट्टी, यांमुळे एखाद्या दिवसापुरतं केंद्र बंद असतं किंवा दुसरीकडे बोलावतात, आणि ती सूचना तिथे येते. ज्या देशाचा व्हिसा आहे त्याची राष्ट्रीय सुट्टी असली की दूतावास बंद असतो. केंद्र चालू आहे की नाही, हे वेगळं बघावं लागतं.

चुकीच्या जागी पोहोचलातच तर

तिथल्या काउंटरवर वाद घालू नका. दुसऱ्या केंद्राचे किंवा दुसऱ्या देशाचे कागद ते घेऊ शकत नाहीत. कंपनी तीच असली तरी त्यांच्या स्क्रीनवर तुमची अपॉइंटमेंट दिसणार नाही. योग्य पत्ता त्यांच्याकडून लिहून घ्या, लेटरशी ताडून बघा आणि निघा. वाटेत कुणाला तरी तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन करायला सांगा. वेळ उलटायच्या आधी तारीख बदलायचा पर्याय उघडा असेल तर तो वापरायचा की नाही, हे अंतर बघून ठरवा. अपॉइंटमेंट वेळेवर न पोहोचल्यामुळे गेली तर बऱ्याच ठिकाणी ती वाया गेली असं धरतात, आणि तारीख किती वेळा बदलता येते यालाही मर्यादा असते. थोडाफार उशीर चालतो की नाही हे लेटरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. ते वाक्य घरूनच अधोरेखित करून ठेवा.

अर्ज देऊन झाला की काउंटरवरून पावती मिळते. पासपोर्ट परत कुठे मिळणार ते त्या पावतीवर बघा. कुरिअर निवडलं नसेल तर पासपोर्ट घ्यायची जागा, खिडकी आणि वेळ वेगळी असू शकते, दुपारनंतरची आणि कधी दुसऱ्याच मजल्यावरची. मामांच्या पावतीवर पासपोर्टची वेळ तीन ते पाचची होती आणि गेट पुढचं, मोठ्या रस्त्यावरचं. आधीच्या छापील कागदावर मी लिहिलेलं "मागचं गेट" त्यांनी त्या दिवशी पुन्हा खिशात घातलं होतं. ते मामींनी काढून घेतलं.